कोपऱ्यावर उतरू नकोस

«मी एकवीस वर्षांची आहे. बदलापूर पूर्वेला राहते. दोन महिन्यांपासून लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीत सोशल मीडियाची इंटर्न आहे, अजून चार महिने बाकी आहेत. शिफ्ट दुपारी 3 ते रात्री 11.30. करी रोडहून गाडी पकडते, घरी पोहोचायला दीड वाजतो. ऑफिसची गाडी आहे, पण ती पर्मनंट लोकांसाठी आणि ठाण्याच्या अलीकडेच. स्टायपेंड 12 हजार, त्यात रोज कॅब शक्य नाही. आई नोकरी सोड म्हणाली असती, म्हणून तिला सांगितलंय की ऑफिसची गाडी सोडते. रिक्षाचा आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी कोपऱ्यावर उतरते आणि तिथून चालत येते. बाबांची पहाटेची पाळी असते, ते झोपलेले असतात. मागच्या आठवड्यात एक बाईकवाला कोपऱ्यापासून गेटपर्यंत हळूहळू माझ्या मागे आला. झालं काहीच नाही. पण आता रोज पोटात गोळा येतो. काम मला मनापासून आवडतं. इंटर्नने गाडी मागितली तर 'नखरे' म्हणतील आणि पुढची नोकरी हातची जाईल. मी घाबरट आहे का? पेपर स्प्रे घेऊ का?»

घाबरट नाहीस. पेपर स्प्रे घ्यायचा तर घे, माझी हरकत नाही. मात्र तो पर्सच्या तळाशी, टिफिनखाली राहणार असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि उघड्या रिक्षात वाऱ्याच्या तोंडावर मारलास तर तुझ्याच डोळ्यांत जाईल. तुझ्या पत्रात स्प्रेपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरीकडे आहे. पत्र वाचताना मी थांबले ती रिक्षाच्या वाक्यापाशी.

तू साठ किलोमीटरचा प्रवास करतेस. त्यातला सगळ्यात सुनसान तुकडा म्हणजे कोपरा ते गेट, आणि तो तू स्वतःच प्रवासाला जोडलायस. रिक्षा दारापर्यंत येते, भाडंही तेवढंच पडतं, तरी तू अलीकडे उतरतेस, कारण आईला आवाज जाता कामा नये. बाईकवाला तुला तिथेच भेटला. आईला काळजी वाटू नये म्हणून सांगितलेली थाप रोज रात्री दीड वाजता तुला एकटीला रस्त्यावर उतरवते आहे.

थाप वाईट म्हणून मी हे सांगत नाही. तुझ्या वयात मीही घरी पुष्कळ सांगितलं नव्हतं. एका वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत काम करायचे, डोंबिवलीला राहायचे आणि 'ऑफिसातल्या दोघी जणी माझ्याबरोबर असतात' असं आईला सांगून ठेवलं होतं. दोघी होत्या खऱ्या, पण त्या घाटकोपरला उतरायच्या. एका पावसाळी रात्री कुर्ल्याच्या अलीकडे गाडी तीन तास उभी राहिली. माझ्या भावाने त्या दोघींपैकी एकीच्या घरी फोन केला. ती केव्हाच घरी पोहोचून झोपली होती. त्यानंतरचे दोन तास आमच्या घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कोणी तरी शोधायला निघालं होतं, फक्त भलत्या दिशेने.

तुझ्या बाबतीत तसंच होईल. उद्या दोन वाजले आणि तू आली नाहीस, तर आई ऑफिसला फोन करेल आणि विचारेल, 'गाडी कुठे आहे?' ऑफिस म्हणेल, 'कुठली गाडी?' तू कल्याणला अडकली आहेस की बदलापूरच्या रिक्षा स्टँडवर, हे कुणालाच माहीत नसेल. तुझा खरा रस्ता सध्या तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. बाकी सगळ्या उपायांआधी हे दुरुस्त करायला हवं. शिवाय ते फुकट आहे आणि आज रात्रीपासून करता येतं.

आईला सांगताना भीतीपासून सुरुवात करू नकोस. ठरलेली व्यवस्था घेऊन जा आणि मग खरं सांग. 'गाडी नाहीये आई, मी ट्रेनने येते, पण आता असं असं ठरवलंय' हे वाक्य आणि 'आई, माझ्यामागे बाईकवाला आला' हे वाक्य, दोन्ही खरीच आहेत. फक्त क्रम हाच ठेव. ती चिडेल. दोन दिवस बोलणार नाही कदाचित. सोड म्हणेलच असं तू गृहीत धरलंयस. तिला तुझा रस्ताच माहीत नाही, तेव्हा ती नेमकं काय म्हणेल हे तू आत्ताच कसं ठरवलंस? आवाज न करता येणारी मुलगी आणि दारात थांबणारी रिक्षा, यातलं काय हवं असं कुठल्याही आईला विचार.

आता ती व्यवस्था काय असावी ते बोलू. 'रात्रीचा प्रवास' म्हटलं की डोक्यात एक लांबलचक काळी पट्टी येते. तशी ती नसते. तुझ्या प्रवासाचे चार तुकडे पडतात: ऑफिस ते करी रोड, फलाटावरची वाट पाहणं, गाडी, आणि बदलापूर स्टेशन ते घर. प्रत्येकाचा धोका वेगळा, उपायही वेगळा.

पहिल्या तुकड्याबद्दल फार लिहीत नाही. त्या भागात रात्री अकरा-साडेअकराला ऑफिसं आणि हॉटेलं सुटत असतात, रस्त्यावर माणसं असतात. गल्लीतला शॉर्टकट सोडून मोठ्या रस्त्याने चाल, चार मिनिटं जास्त लागतील. कानात इअरफोन घालू नकोस, निदान त्या दहा मिनिटांत.

गाडीचं मात्र नीट बघू, कारण तिथे बऱ्याच मुलींचा एक समज चुकीचा असतो. महिला डबा म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. दादरला ते खरं असतं. रात्री साडेबाराला ठाणे-डोंबिवलीपर्यंतही बहुतेक वेळा खरं असतं. कल्याणला डबा भसकन रिकामा होतो, आणि पुढची विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्टेशनं जाईपर्यंत त्यात तू आणि समोर झोपलेली एखादी बाई एवढंच उरतं. रिकामा महिला डबा नावापुरताच महिला डबा असतो. रात्रीच्या महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असायला हवा. करी रोडला चढतानाच तो कुठल्या डब्यात आहे ते बघ आणि त्याच डब्यात बस. कल्याणला गाडी थोडी जास्त थांबते, तेव्हा डोकी मोज. पोलीस नसेल आणि बायका तीन-चारपेक्षा कमी उरल्या असतील, तर तिथेच उतरून शेजारच्या जनरल डब्यात जा, जिथे कामावरून परतणारी दहा-पंधरा माणसं बसलेली असतील. दाराजवळ बस, कोपऱ्यात नको. हे ऐकायला उलटं वाटेल, पण शेवटच्या गाड्यांनी वर्षानुवर्षं जाणाऱ्या नर्स आणि मॉलमधल्या मुली नेमकं हेच करतात. फर्स्ट क्लासच्या महिला डब्याचा पास काढायचा मोह झाला तर रात्रीसाठी तो काढू नकोस. तो डबा एवढासा असतो आणि सगळ्यात आधी तोच रिकामा होतो.

काही महिला डबे चोवीस तास महिलांचे असतात, काही ठरावीक वेळेपर्यंतच. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, एकदा उजेडात वाचून ठेव. तुझ्या वेळेला जो डबा जनरल झालेला असतो त्यात पुरुष चढले, तर ते घुसखोर नसतात, आणि उगाच भांडण होतं. चोवीस तासांच्या महिला डब्यात कुणी शिरला, तर मात्र तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी लोहमार्ग पोलिसांचा 1512 आणि रेल्वेचा 139 हे दोन क्रमांक फोनमध्ये असू देत. फोन करताना तीन गोष्टी सांगायच्या: गाडी कुठली, पुढचं स्टेशन कुठलं, डबा पुढून की मागून कितवा. 'मी लोकलमध्ये आहे' एवढ्यावर पलीकडचा माणूस काहीही करू शकत नाही. काही गाड्यांच्या महिला डब्यात गार्डशी बोलायचं बटण असतं. आहे का ते एकदा बघून ठेव.

आणखी एक बारीक गोष्ट. बदलापूरला कुठला पूल तुझ्या बाजूला उतरतो ते तुला माहीत आहे. तो ज्या डब्यासमोर येतो, त्याच्या जवळात जवळच्या सुरक्षित डब्यात बस. रात्री दीड वाजता अख्खा फलाट एकटीने चालायचा की उतरून लगेच गर्दीबरोबर पुलावर चढायचं, हे करी रोडला तू कुठे उभी राहतेस त्यावर ठरतं. गर्दीबरोबर चढणं जास्त महत्त्वाचं, कारण ती गर्दी चार मिनिटांत विरते आणि नंतर स्टँडवर उरतात ते फक्त रिक्षावाले आणि त्यांचे मित्र.

आला शेवटचा तुकडा. माझ्या मते तुझा खरा प्रश्न हाच आहे, आणि सोडवायला सगळ्यात स्वस्तही हाच.

रात्री बारानंतर शेअर रिक्षा मिळत नाहीत, 'स्पेशल' करावी लागते. रात्री बारा ते पहाटे पाच दीडपट नव्हे, सव्वापट भाडं असतं. ते तोंडपाठ असू दे, म्हणजे घासाघीस लवकर संपते. रोज नवा रिक्षावाला शोधण्यापेक्षा एकाला बांधून घे. तुमच्या कॉलनीत, आईच्या ओळखीच्या कुणाच्या घरात, भाजीवालीच्या नात्यात कोणी रात्रीची रिक्षा चालवणारा असतोच. हे काम आई जितकं चांगलं करेल तितकं तू करणार नाहीस. तिला खरं सांगायचं हे एक व्यावहारिक कारणही आहे. महिन्याचं बोलून घ्या. तो तुला नावाने ओळखेल, त्याचं घर तुमच्या आईला माहीत असेल, गाडी लेट झाली तर तो थांबेल. आठवड्याची सुट्टी धरून पंचवीस-सव्वीस रात्री होतात. हा खर्च तुझ्या स्टायपेंडमधून जाऊ नये, त्याबद्दल खाली लिहिते.

त्याच गाडीने तुझ्यासारख्याच दोघी-तिघी रोज बदलापूरला उतरत असतील. तू त्यांना तोंडाने ओळखतेस. उद्या बोल. एक जण तुझ्या बाजूला जाणारी निघाली तरी पुरे. दोघींनी एक रिक्षा करायची, लांबची आधी उतरायची की जवळची, ते आपसांत ठरवायचं. जी शेवटी उतरेल तिचा 'पोहोचले' मेसेज येईपर्यंत दुसरीने झोपायचं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळ जमतं, भिशी चालते, मग हे का नाही जमणार?

रिक्षा दारात थांबू दे. आत शिरून दिवा लागेपर्यंत त्याला थांबायला सांग. बांधलेला रिक्षावाला हे करतो.

लाइव्ह लोकेशनबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण तुझ्या वयाच्या मुली त्यावर फार भिस्त ठेवतात म्हणून सांगते. व्हॉट्सॲपवर ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी सुरू करता येतं. तू आठ तासांचं सुरू केलंस आणि आई साडेअकराला झोपली, तर तो ठिपका अंधारात एकटाच सरकत राहतो. ठिपका कुणाला वाचवत नाही. तो बघणारं माणूस जागं असलं पाहिजे आणि ठिपका थांबला तर काय करायचं हे त्याला माहीत असलं पाहिजे. म्हणून आईशी ठरवून घे. निघताना एक मेसेज, त्यात कुठली गाडी ते. कल्याण आल्यावर एक. घरात शिरल्यावर अर्थात तूच दिसशील. कल्याणच्या मेसेजनंतर पन्नास मिनिटांत तू आली नाहीस तर आईने फोन करायचा. दहा मिनिटांत दोनदा उचलला नाहीस तर रिक्षावाल्याला. त्यालाही माहीत नसेल तर बाबांना उठवायचं आणि 112 लावायचा. एवढं कागदावर लिहून फ्रिजवर लाव. घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता विचार करता येत नाही, वाचता मात्र येतं. यामुळे एरवी दर दहा मिनिटांनी येणारा 'कुठे पोहोचलीस' हा फोनही बंद होतो, हा वरचा फायदा.

फोन मेला तर हे सगळं कोलमडतं. छोटी पॉवरबँक ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेव आणि अकरा वाजता फोन चार्जिंगला लाव. बहुतेक फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की आपत्कालीन कॉल लागतो. किती वेळा दाबायचं ते फोनगणिक बदलतं, तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये बघून ठेव.

आता कंपनी. इथे तुझ्या पत्रातला दुसरा समज तपासून बघू: इंटर्नने मागणं म्हणजे नखरे.

महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांसाठी 2017 चा कायदा आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार स्त्री कामगाराला रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत तिच्या संमतीशिवाय काम देता येत नाही. संमती दिली, तरी मालकाने तिच्या सुरक्षिततेची आणि कामाच्या ठिकाणाहून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहनाची व्यवस्था करायची असते. दारापर्यंत, ठाण्याच्या अलीकडेपर्यंत नव्हे. म्हणजे तुझ्या ऑफिसात ज्यांना गाडी मिळते, त्यांच्यावर कंपनी काही उपकार करत नाही.

यात एक गोम आहे आणि ती तुला आधीच कळलेली बरी. त्या कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येतून अप्रेंटिस कायद्याखाली नोंदलेले शिकाऊ उमेदवार वगळलेले आहेत. कंपनी म्हणू शकते की तू कामगार नाहीसच. तुझं इंटर्नशिपचं पत्र काढून बघ. त्यात अप्रेंटिस कायद्याचा उल्लेख आहे का? कामाचे तास, रजा, स्टायपेंड ठरवून दिलेत का? रोज ठरलेल्या शिफ्टमध्ये बसून तू क्लायंटच्या पोस्ट टाकत असशील आणि त्याचे पैसे घेत असशील, तर नुसतं 'इंटर्न' हे नाव लावून तू कामगार नाहीस असं म्हणणं त्यांनाही सोपं नाही. पण हा वाद कोर्टात घालायचा वाद आहे, सोमवारी सकाळी एचआरच्या टेबलावर जिंकायचा नाही. कायदा तू पाठीशी ठेव, हातात घेऊन जाऊ नकोस.

एक कायदा मात्र तुझ्याबाबत नि:संदिग्ध आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही कर्मचारीच धरलेत, आणि कंपनीने कामाच्या प्रवासासाठी दिलेलं वाहनही कामाचं ठिकाण धरलंय. उद्या ऑफिसची गाडी मिळाली आणि तिच्यात सहकारी किंवा ड्रायव्हर काही वावगं वागला, तर तू अंतर्गत समितीकडे जाऊ शकतेस. साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते.

ऑफिसची गाडी मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असंही मी म्हणणार नाही. 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओतल्या तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या गाडीच्याच ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. आज मोठ्या कंपन्यांत गाडीत एकटी बाई शेवटी उरत असेल तर सोबत गार्ड द्यायचा, ड्रायव्हरची पोलीस पडताळणी करायची, गाडीवर जीपीएस ठेवायचा असे नियम दिसतात, ते असल्या घटनांतून आलेत. तुझं घर सगळ्यात लांब, म्हणजे तू कायम शेवटीच उतरणार. काटईच्या रस्त्याने रात्री एक वाजता अनोळखी ड्रायव्हरबरोबर एकटी जाण्यापेक्षा पंधरा माणसांच्या डब्यातून आलेलं मला बरं वाटतं. तेव्हा गाडी मिळाली तर विचार: शेवटी कोण उतरतं, गार्ड असतो का, ड्रायव्हर रोज तोच असतो का. उत्तरं गुळमुळीत आली तर ट्रेन चांगली.

मग मागायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी वेळ माग, गाडी नंतर. वेळ बदलायला कंपनीचे पैसे लागत नाहीत.

शिफ्ट 1 ते 9.30 झाली तर बघ काय होतं. पावणेदहाच्या सुमाराला करी रोड, साडेअकराच्या आत घर. महिला डबा कल्याणच्या पुढेही भरलेला, बदलापूरला शेअर रिक्षा चालू, बाबा कदाचित जागे. कायद्याची रात्र ज्या मिनिटाला सुरू होते त्या मिनिटाला तू बाहेर. दोन तास अलीकडे सरकल्याने चारपैकी तीन तुकडे आपोआप सुधारतात. दुसरी कुठलीही सोय एवढं करत नाही.

मॅनेजर विचारेल, रात्रीच्या पोस्टचं काय? त्याचं उत्तर तुझ्याकडे आकड्यांत हवं. दहा दिवस वही ठेव. रोज 9.30 नंतर तू नेमकं काय केलंस, किती मिनिटं, किती वाजता निघालीस, कुठली गाडी मिळाली, घरी किती वाजता. मी पैज लावते, त्या दोन तासांत पाऊण तासाचं खरं काम निघेल. उरलेला वेळ 'काही आलं तर' म्हणून बसणं असेल. पोस्ट आधी शेड्यूल करून ठेवता येतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. क्लायंटच्या तातडीच्या दुरुस्त्या घरून, साडेअकरानंतर अर्धा तास बघता येतील. वहीत एक रकाना असाही ठेव: निघायला उशीर झाल्याने शेवटची गाडी चुकायला किती मिनिटं उरली होती. शेवटची कर्जत लोकल चुकली तर पहाटेपर्यंत गाडी नाही, ही गोष्ट अंधेरीला राहणाऱ्या मॅनेजरला खरंच माहीत नसते. त्यात दुष्टपणा नसतो, अज्ञान असतं. ते वहीने जातं.

तोंडी बोल, मग त्याच दिवशी मेल कर. मेल इंग्रजीत लिहिशील, मजकूर साधारण असा असू दे: «आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे. माझी शिफ्ट 11.30 ला संपते आणि मी 1.30 ला घरी पोहोचते. गेल्या दहा दिवसांत 9.30 नंतरचं माझं काम सरासरी इतकी मिनिटं होतं, तपशील सोबत जोडला आहे. शिफ्ट 1 ते 9.30 केल्यास हे काम असं असं होऊ शकेल. पुढचे दोन आठवडे करून बघू या का? ज्या दिवशी लाइव्ह कार्यक्रमामुळे थांबणं गरजेचं असेल, त्या दिवशी आधी कळवावं आणि घरापर्यंत जायची सोय किंवा खर्च मिळावा.» यात तक्रार नाही, कायदा नाही, रडणं नाही. पण 'ती उशिरा थांबते हे मला माहीतच नव्हतं' असं नंतर कुणाला म्हणता येणार नाही. दोन आठवड्यांचा प्रयोग माग, कारण कायमस्वरूपी बदलाला नाही म्हणणारी माणसं प्रयोगाला हो म्हणतात.

वेळ बदलायला नकार आला, तर दुसरी मागणी: बदलापूर स्टेशन ते घर रिक्षाचं महिन्याचं बिल कंपनीने द्यावं. लोअर परळ ते बदलापूर कॅबला एका रात्रीचे हजाराच्या वर जातील, आणि ते ऐकूनच एचआर वही मिटेल. शेवटच्या तुकड्याची रिक्षा त्यापुढे चहापाण्याचा खर्च आहे. सगळ्या वाटेचे पैसे मागून नकार घेण्यापेक्षा, धोका जिथे आहे तेवढ्याच वाटेचे माग. इंटर्नशिप कॉलेजमार्फत असेल तर तिथल्या समन्वयक बाईंनाही मेलची प्रत जाऊ दे. कंपनीला पुढच्या वर्षीही त्या कॉलेजातून मुलं हवी असतात.

आणि दोन्हीला नाही म्हणाले तर? मग तुझ्याकडे नकाराची कारणं लेखी असतील आणि पुढचे चार महिने काय करायचं ते तू डोळे उघडे ठेवून ठरवशील. आठवड्यातून दोन-तीन रात्री दादर-परळच्या मैत्रिणीकडे राहता येत असेल तर तो मार्ग आहे, पण तिच्या घरच्यांना रात्री साडेबाराला दार उघडायला लावायचं ओझं किती आठवडे पेलेल, ते प्रामाणिकपणे बघ. पीजीत राहिलीस तर स्टायपेंड जवळजवळ तिथेच संपेल, तरी उरलेल्या चार महिन्यांसाठी घरून थोडी मदत मिळत असेल तर हिशेब मांडून बघ. सोडायचं ठरवलंस तर ते घाबरटपणाचं नसेल. ज्या ठिकाणी दोन तास अलीकडे सरकवायलाही कुणी तयार नाही, तिथे पर्मनंट झाल्यावर काय मिळणार, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. नखरे म्हणतील ही भीती तू फार दिवस बाळगलीस. तू अजून एकदाही विचारलेलं नाहीस, हे लक्षात आलं का?

पावसाळ्याचं एक राहिलं. सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की मध्य रेल्वे अडते हे तुला सांगायला नको. अशा रात्री फलाटावर जाऊन वाट बघायची नाही. निघण्याआधी गाड्या बघ. बंद असतील तर ऑफिसातच थांब, जिथे सिक्युरिटी, दिवे आणि बाथरूम आहे. कपड्यांचा एक जोड, टूथब्रश आणि फोनची जादा वायर ड्रॉवरमध्ये ठेवून दे. अर्ध्या वाटेत अडकलीस तर ट्रॅकवर उतरून चालू लागू नकोस, बाकी कितीही जणं उतरली तरी. रविवारी काम असेल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेव.

बाईकवाल्याचं विसरू नकोस. तो परत दिसला तर घराकडे जाऊ नकोस, त्याला तुझं गेट पक्कं कळेल. रिक्षात असशील तर रिक्षा स्टेशनकडे वळवायला सांग, बाईकचा नंबर मोठ्याने वाचत 112 ला फोन लाव. वाचतेयस हे त्याला ऐकू जाऊ दे. मागच्या आठवड्याची तारीख, वेळ आणि आठवत असेल तेवढं बाईकचं वर्णन वहीच्या पहिल्या पानावर आजच लिही. कोपऱ्यावरच्या दुकानाला कॅमेरा असेल तर बाबांना दुकानदाराशी बोलायला सांग. असलं फुटेज फार दिवस ठेवत नाहीत, तेव्हा हे याच रविवारी व्हायला हवं. आणि त्यासाठी बाबांना कोपऱ्याची गोष्ट शनिवारी रात्रीच सांगावी लागेल.